खवले मांजराची तस्करी

खवले मांजराची तस्करी हा मुख्यतः खवल्यांसाठी होणारा वन्यजीवविषयक गुन्हा आहे. भारतीय खवले मांजर कोकणासह देशाच्या अनेक भागांत आढळते. संकटात ते अंगाचा गोळा करून घेते. बिबट्यापुढे उपयोगी पडणारा हा बचाव माणसापुढे व्यर्थ ठरतो, कारण गोळा नुसता उचलून पोत्यात भरता येतो. खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. तरीही पारंपरिक चिनी औषधांसाठी त्यांना मागणी आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश असून त्याच्या शिकारीस व व्यापारास ३ ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. शिक्षा कडक असली, तरी खटला पुष्कळदा कार्यपद्धतीवर अडतो. कलम ५५ नुसार न्यायालय अशा गुन्ह्याची दखल प्राधिकृत अधिकाऱ्याच्या किंवा ६० दिवसांची पूर्वसूचना दिलेल्या व्यक्तीच्या तक्रारीवरूनच घेते. त्यामुळे पोलिसांनी माल पकडून केवळ दोषारोपपत्र सादर केले आणि वनविभागाने स्वतंत्र तक्रार दाखल केली नाही, तर पुरावा हाती असूनही आरोपीस बचावाची वाट मिळते.

दुसरी अडचण जप्त मालाची. सुटे खवले याच प्राण्याचे आहेत, हे प्रयोगशाळेच्या अहवालाने सिद्ध करावे लागते. पंचनाम्यातील वजन आणि प्रयोगशाळेत पोहोचलेल्या नमुन्याची नोंद जुळली नाही, किंवा मोहोर तुटलेली आढळली, तर तपासलेले खवले जप्तीतलेच कशावरून, हा बचाव पक्षाचा प्रश्न अनुत्तरित राहतो.