मिहना

अब्बासी खलिफांनी काझी व हदीस-पंडितांवर लादलेली श्रद्धापरीक्षा. कुराण हे ईश्वराने निर्माण केलेले आहे, हे मत प्रत्येकाने उघडपणे मान्य करावे, असा तिचा आग्रह होता. खलिफा अल-मामूनने 833 मध्ये ती सुरू केली, अल-मुतसिम आणि अल-वासिक यांनी पुढे चालवली आणि 847 मध्ये गादीवर आलेल्या अल-मुतवक्किलने टप्प्याटप्प्याने मोडीत काढली.

कुराण ही ईश्वराची वाणी आहे, याविषयी कोणत्याच पक्षाला शंका नव्हती. वाद होता तो ती वाणी अनादी आहे की काळाच्या ओघात उत्पन्न झालेली आहे, याचा. तर्काला प्रमाण मानणाऱ्या मुतझिला पंथाचे म्हणणे असे की, ईश्वराखेरीज आणखी काही अनादी मानले तर त्याच्या एकत्वाला बाध येतो. ईश्वराने अरबी कुराण ‘केले’ असे कुराणातच म्हटले आहे, यावर मामूनने आपल्या पत्रात भर दिला. ‘ईश्वराचा शब्द’ म्हणून येशूला अनिर्मित मानणाऱ्या ख्रिश्चनांच्या पंक्तीला विरोधकांना बसवायलाही तो कचरला नाही. हदीस-पंडितांचे उत्तर वेगळ्या वाटेने येई. कुराण हे ईश्वराच्या ज्ञानातून आलेले आहे आणि ईश्वर ज्ञानाविना कधीच नव्हता. मग ते ज्ञान निर्मित कसे म्हणायचे? शिवाय पैगंबरांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनी जे कधी विचारले नाही, ते विचारण्याचा अधिकार खलिफाला कोणी दिला, हा त्यांचा मूळ आक्षेप होता.

मामूनने हे मत 827 मध्येच जाहीर केले होते. सक्ती मात्र सहा वर्षांनी आली. बायझंटाइन मोहिमेवर असताना त्याने बगदादचा अधिकारी इशाक इब्न इब्राहीम याला पत्र धाडले. काझींची परीक्षा घ्यावी आणि हे मत नाकारणाऱ्याची साक्ष न्यायालयात ग्राह्य धरू नये, असा हुकूम त्यात होता. आधी सात नामवंतांना खलिफाने आपल्याकडे बोलावून घेतले. चरित्रकोशकार इब्न साद आणि हदीस-परीक्षक याह्या इब्न मईन हे त्यांच्यापैकीच. सातही जणांनी मान तुकवली. बगदादमधील उरलेल्यांना एकत्र बसवून खलिफाचे पत्र वाचून दाखवण्यात आले. त्यांची उत्तरे बहुतांशी बगल देणारी होती. बिश्र इब्न अल-वलीद या काझीने कुराण ईश्वराची वाणी आहे एवढेच सांगितले आणि ‘निर्मित’ हा शब्द तोंडातून निघू दिला नाही. संतापलेल्या मामूनचे दुसरे पत्र आले. त्यात एकेकाचे नाव घेऊन त्याच्या चारित्र्याचे वाभाडे काढले होते आणि काहींना शिरच्छेदाची धमकी होती. त्यानंतर चौघेच ठाम राहिले. बेड्या पडल्यावर त्यांतलेही दोघे नमले. अहमद इब्न हंबल आणि तरुण मुहम्मद इब्न नूह यांना खलिफाकडे रवाना करण्यात आले. पण ते पोहोचण्याआधीच, ऑगस्ट 833 मध्ये, मामून वारला. परतीच्या वाटेवर इब्न नूहचाही मृत्यू झाला.

अहमद दोन वर्षांहून अधिक काळ बगदादच्या तुरुंगात राहिले. मग मुतसिमसमोर, मुख्य काझी इब्न अबी दुआद याच्या पुढाकाराने, त्यांच्याशी वाद घालण्यात आला. कुराणातून किंवा पैगंबरांच्या वचनांतून आधार दाखवा, मी मान्य करीन, हेच ते पुनःपुन्हा सांगत राहिले. शेवटी त्यांना चाबकाने फोडून काढले आणि सोडून दिले. अखेर ते नमले, असे मुतझिलांच्या बाजूचा लेखक अल-जाहिझ सूचित करतो, तर मुलगा सालिह आणि चुलतभाऊ हंबल यांच्या वृत्तांतांत ते शुद्ध हरपेपर्यंत अढळ आहेत. दोन्ही बाजूंचे साक्षीदार पक्षपाती आहेत. तरीही पुढील काळात ते ज्या मोकळेपणाने हदीस-पंडितांचे अग्रणी मानले गेले, तो पाहता घरच्यांच्या वृत्तांताचे पारडे जड वाटते.

वासिकच्या काळात क्रौर्य वाढले. इमाम शाफिईंचे शिष्य अल-बुवैती तुरुंगात मरण पावले. 845 मध्ये बायझंटाइनांशी कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा मुस्लिम कैद्यांनाही हाच प्रश्न विचारण्यात आला आणि नकार देणाऱ्यांना सोडवून न घेण्याचा आदेश होता. 846 मध्ये बंडाचा कट रचल्यावरून पकडलेल्या अहमद इब्न नस्र अल-खुझाई यांना वासिकने प्रश्न विचारला तो बंडाचा नव्हे, कुराणाचा. आणि स्वतःच्या हाताने त्यांच्यावर तलवार चालवली.

मुतवक्किलने हा वाद घालण्यासच मनाई केली आणि 851 मध्ये इब्न अबी दुआदच्या घराण्याला पदच्युत केले. धर्ममताचा निवाडा खलिफाने करायचा, हा मामूनचा दावा तेथे हरला. सुन्नी परंपरेत तो अधिकार पंडितांकडेच राहिला. प्रश्न मात्र मिटला नाही. कुराण अनिर्मित असले तरी माणसाचा पठणाचा उच्चार निर्मित आहे का, यावरून पुढे अल-बुखारींनाही निशापुरात विरोध सोसावा लागला. दहाव्या शतकात अल-अशअरींच्या संप्रदायाने ईश्वराची आंतरिक वाणी अनादी आणि अक्षरे-ध्वनी निर्मित, असा भेद पुढे आणला; हंबली पंडितांनी तो स्वीकारला नाही. येमेनमधील झैदी शिया आणि ओमानमधील इबादी यांच्या परंपरेत कुराण निर्मित असल्याचे मत आजही टिकून आहे.