साठी, बुद्धी आणि सिॲटलची पाचशे माणसं

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्या माणसाला मात्र ती हल्ली पहिल्याइतकी विनोदी वाटत नाही. कवितेतला एखादा नेमका शब्द जिभेवर येऊन अडकला, की ती आठवतेच. पण म्हण बाजूला ठेवू. वयाबरोबर बुद्धी उतरते का, आणि उतरत असेल तर कितव्या वर्षापासून, हे मोजायचं कसं? विसाव्या शतकात या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरं मिळाली, आणि दोन्ही प्रामाणिक संशोधकांनी दिली. ती तशी का मिळाली, याचा इतिहास मला एखाद्या रहस्यकथेसारखा वाटतो.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून होते. अमेरिकेनं १९१७-१८ मध्ये सैन्यात भरती होणाऱ्या लाखो जवानांची लेखी बुद्धिचाचणी घेतली. ‘आर्मी अल्फा’ हे तिचं नाव. पुढे हीच चाचणी घेऊन जोन्स आणि कॉनरॅड हे दोन मानसशास्त्रज्ञ न्यू इंग्लंडच्या खेड्यांत गेले. गावकरी परीक्षेला बसावेत म्हणून त्यांनी फुकट सिनेमा दाखवला. मला ही युक्ती फार आवडते. आपल्याकडे कुटुंबनियोजनाची गाडी गावात येऊन पडदा लावायची, तसलाच हा प्रकार. दहा वर्षांच्या मुलापासून साठीच्या म्हाताऱ्यापर्यंत हजाराहून अधिक माणसं तपासून त्यांनी १९३३ मध्ये आलेख मांडला. विशीच्या आसपास शिखर, आणि मग हळूहळू उतार. पुढची वीस वर्षं हेच चित्र पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसलं.

या पद्धतीत एकाच काळात वेगवेगळ्या वयांची माणसं तपासायची आणि त्यांचे गुण शेजारी शेजारी ठेवायचे असतात. मी तिला आडवी पाहणी म्हणतो. दुसरी उभी पाहणी. तिच्यात तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासायची. पुस्तकात यांना ‘अनुप्रस्थ’ आणि ‘अनुदैर्ध्य’ असे शब्द आहेत. पण ते उच्चारतानाच दात हलतात, म्हणून आपण आडवी-उभीवरच भागवू.

उभ्या पाहणीची संधी आयोवा राज्यातल्या विल्यम ओवेन्स यांना आयती मिळाली. तिथल्या कॉलेजात १९१९ साली पहिल्या वर्षाच्या मुलांनी आर्मी अल्फा सोडवली होती आणि ते कागद जपून ठेवलेले होते. तीस वर्षांनी, १९४९-५० च्या सुमारास, ओवेन्स यांनी त्यांतली १२७ माणसं शोधून काढली आणि पन्नाशीकडे झुकलेल्या त्या गृहस्थांना तीच परीक्षा पुन्हा दिली. आडव्या आलेखाप्रमाणे त्यांचे गुण उतरायला हवे होते. उलट एकंदर गुण वाढले.

मग खरं कुणाचं? या कोड्याला हात घातला वॉर्नर शाय यांनी. जन्म १९२८, जर्मनीतल्या स्टेटिन शहरातल्या ज्यू कुटुंबात. नाझींच्या छळातून निसटून हे कुटुंब १९३९ मध्ये शांघायला पोचलं. तिथे हा मुलगा छापखान्यात काम शिकला. युद्धानंतर तो अमेरिकेत गेला, शिकला, आणि १९५६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी सिॲटलच्या एका सहकारी आरोग्य संस्थेच्या सभासदांची पाहणी केली. निवड नेटकी होती. साधारण एकवीस ते सत्तर या वयाचे दर पाच वर्षांचे दहा गट पाडले आणि प्रत्येकात पंचवीस पुरुष व पंचवीस बायका घेतल्या. एकूण पाचशे. चाचण्या पाच क्षमतांच्या : शब्दांचे अर्थ, आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखणं, तर्क, आकडेमोड, आणि ठरावीक वेळात एका अक्षराचे जमतील तितके शब्द लिहिणं. (या शेवटच्या परीक्षेत कवींना बसवायला हवं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.)

१९५६ ची पाहणी आडवी होती आणि तिनं ठरलेलंच उत्तर दिलं : तरुणांचे गुण जास्त, म्हाताऱ्यांचे कमी. शाय तिथेच थांबले असते तर त्यांचं नाव आज कुणी घेतलं नसतं. पण १९६३ मध्ये ते त्याच माणसांकडे परत गेले. त्यांतली सुमारे तीनशे भेटली. आता प्रत्येकाचे सात वर्षांपूर्वीचे आणि आताचे गुण समोर होते. बहुतेक क्षमतांत साठीपर्यंत फारशी घसरण नव्हतीच. १९५६ च्या आलेखात पंचेचाळिशी आणि बावन्नाव्या वर्षामध्ये जी उतरंड दिसत होती, ती प्रत्यक्ष पंचेचाळीसचे बावन्न झालेल्या माणसांत जवळपास सापडत नव्हती.

कारण असं, की आडव्या पाहणीतला म्हातारा हा तरुणाचं पुढचं रूप नसतो. तो वेगळ्या काळात जन्मलेला वेगळा माणूस असतो. १९५६ मध्ये सदुसष्ट वर्षांचा असलेला माणूस १८८९ च्या सुमारास जन्मलेला. त्याच्या उमेदीत, अगदी १९१० च्या आसपासही, अमेरिकेत दहातलं जेमतेम एक मूल हायस्कूल पुरं करत होतं. पंचवीस वर्षांचा तरुण १९३१ चा. त्याच्या पिढीत निम्मी मुलं हायस्कूल पार करत होती. वेळ लावून कागदावरची कोडी सोडवायची सवय एकाला होती, दुसऱ्याला नव्हती. दोघांच्या गुणांतलं अंतर आपण वयाच्या खात्यावर मांडतो. त्यातला मोठा हिस्सा शाळेच्या, आहाराच्या, आरोग्याच्या खात्यावरचा असतो. एकाच सुमाराला जन्मून एकाच काळातून गेलेल्या अशा माणसांना संशोधक ‘कोहोर्ट’ म्हणतात. मूळ शब्द रोमन सैन्याच्या तुकडीचा. मराठीत तुकडीच म्हणावं. शाळेतली तुकडीही आपसूक त्यात येते.

तुकडीचा परिणाम नेहमी म्हाताऱ्यांच्याच विरुद्ध जातो असंही नाही. तर्काचे गुण तुकडीगणिक चढत गेले. आकडेमोडीचे मात्र १९२४ च्या सुमाराला जन्मलेल्यांपर्यंत चढले आणि नंतरच्या तुकड्यांत उतरले. म्हणजे त्यानंतरच्या काळातली एखादी आडवी पाहणी आकडेमोडीपुरती घेतली, तर आधीच्या तुकडीतली वडील माणसं धाकट्यांच्या बरोबरीनं दिसतील आणि वयानं होणारी खरी घट झाकली जाईल. एकच पद्धत एका क्षमतेत उतार फुगवते आणि दुसऱ्या क्षमतेत लपवते.

इथवर ऐकून वाटेल, उभी पाहणी जिंकली. तसं नाही. पाचशेंतली सुमारे तीनशेच परत आली, हे मी मघाशी पटकन बोलून गेलो. बाकीची दोनशे कुठे गेली? काही वारली, काही आजारी होती, काहींनी गाव सोडलं, काहींनी ‘नको आता’ म्हटलं. १९७० पर्यंत पहिल्या पाचशेंतले सुमारे एकशे साठ उरले. ही गळती चिठ्ठ्या टाकून झाल्यासारखी असती तर बिघडलं नसतं. नमुना लहान झाला असता, एवढंच. पण ती तशी नसते.

हे कसं फसवतं, ते मी मनानं घेतलेल्या आकड्यांवर सांगतो. साठीची शंभर माणसं घ्या, सरासरी गुण ५०. सात वर्षांनी त्यांतली साठच परत आली आणि त्यांची सरासरी निघाली ५२. कुणीही म्हणेल, साठीनंतर बुद्धी दोन गुणांनी वाढली! आता जुनी वही उघडा. परत आलेल्या साठ जणांचे पहिल्या वेळचे गुण वेगळे काढा : सरासरी ५४. न आलेल्या चाळिसांची ४४. साठ गुणिले चोपन्न अधिक चाळीस गुणिले चव्वेचाळीस, भागिले शंभर, बरोबर पन्नास. हिशेब जुळला. म्हणजे परत आलेले ५४ वरून ५२ वर उतरलेत. वाढ कुणाचीच झालेली नाही, फक्त कमी गुणांची माणसं यादीतून गेली आहेत. आणि त्या चाळिसांचं पुढे काय झालं, ते ही वही सांगू शकत नाही. त्यांचा उतार बहुधा जास्तच असणार.

सिॲटलमध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. शाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चौदा वर्षांच्या गळतीवर स्वतंत्र लेखच लिहिला. परत येणाऱ्यांचे सुरुवातीचे गुण न येणाऱ्यांपेक्षा वरचे होते. उभी पाहणी जसजशी लांबते, तसतशी ती निवडक, सुदृढ, शिकलेल्या म्हाताऱ्यांची होत जाते. ओवेन्स यांचे १२७ तर मुळातच कॉलेजात गेलेले होते.

दुसरी अडचण सवयीची. तीच परीक्षा दुसऱ्यांदा देणारा माणूस थोडा सरावलेला असतो. यावर शाय यांचा तोडगा साधा होता. १९६३ मध्ये जुनी माणसं तपासताना त्याच सभासद-यादीतून त्यांनी सुमारे हजार नवी माणसंही घेतली आणि मग दर सात वर्षांनी नवी भर घालत राहिले. एकाच सालात जन्मलेले जुने आणि नवे शेजारी ठेवले, की नव्यांना ना सराव असतो, ना ते मागच्या फेरीच्या गळतीतून चाळून आलेले असतात. त्या दोघांतला फरक म्हणजे सराव आणि गळती यांचा मिळून अंदाज. नव्यांवर काढलेला उतार जुन्यांपेक्षा थोडा जास्त निघतो. तरी आडव्या आलेखाइतका लवकर आणि खोल नाही.

शाय यांनी १९६५ मध्ये वय, तुकडी आणि पाहणीचं साल या तिन्हींचे परिणाम वेगळे काढण्याचा आराखडाही मांडला. तो पुरता टिकला नाही. जन्मसालात वय मिळवलं की पाहणीचं साल येतं. दोन ठरले की तिसरं आपोआप ठरतं, मग तिघांना सुटं करणार कसं? पॉल बाल्टस यांनी १९६८ मध्ये हे बोट ठेवलं. ती गाठ आकडेमोडीनं सुटत नाही. शाळा, युद्ध, आजार यांचं बाहेरचं ज्ञान घेऊन तिघांपैकी एकाबद्दल काही गृहीत धरावंच लागतं.

वाद आजही मिटलेला नाही. २००९ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमथी सॉल्टहाउस यांनी लिहिलं, की काही क्षमतांचा उतार विशी-तिशीतच सुरू होतो, आणि उभ्या पाहणीत तो दिसत नाही याचं मोठं कारण सराव आहे. शाय यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. दोघांकडे आकडे होते. झटपट ओळखण्याचा वेग लवकर मंदावतो आणि शब्दांचं भांडार बराच काळ टिकतं, यावर मात्र फारसं दुमत नाही. (ऐकून मला बरं वाटलं. आमचा धंदा भांडाराचा, वेगाचा नव्हे.)

शाय २०२३ मध्ये वारले. १९५६ च्या पाचशेंपैकी १९९८ च्या फेरीला पुन्हा पेन्सिल हातात घेतलेली माणसं चाळिसाच्या आसपास होती. बेचाळीस वर्षांत सात फेऱ्या. पहिल्या दिवशी ती पंचवीस-तिशीच्या घरात होती, आता सत्तरीच्या. त्यांच्या गुणांची सरासरी जेव्हा जेव्हा छापली जाते, तेव्हा न आलेल्या साडेचारशेंच्या पहिल्या दिवशीच्या गुणांचा तक्ताही शेजारी ठेवावा लागतो.