पुस्तकातल्या चित्राची कड कागदात विरते कशी?

प्रकरणाच्या सुरुवातीला, शीर्षकाच्या वर एखादं छोटं चित्र असतं. त्याला चौकट नसते. डोंगर, झाड, गवत आणि मग हळूहळू पांढरा कागद. अशा चित्राला ‘व्हिन्येट’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ छोटी द्राक्षवेल, कारण जुन्या पुस्तकांत या जागी वेलबुट्टी असायची.

ही विरणारी कड गाजवली इंग्लंडच्या थॉमस बेविकने. १७९७ मध्ये त्याच्या ब्रिटिश पक्ष्यांवरच्या पुस्तकाचा पहिला खंड आला. तो लाकडी ठोकळ्यावर कोरायचा आणि जो भाग फिकट हवा, तिथला पृष्ठभाग किंचित खाली तासायचा. तिथे दाब कमी पडे, म्हणून शाईही हलकी उमटे.

आजच्या ऑफसेट छपाईत ही सोय नाही. काळी शाई एकतर लागते किंवा लागत नाही. राखाडी छटा म्हणजे बारीक ठिपके. गडबड इथेच होते. स्क्रीनवर कड अलगद विरलेली दिसते, पण अगदी फिकट भागातले ठिपके इतके बारीक असतात की काही छापलेच जात नाहीत. मग कडेला एक रेघ दिसते, जणू कुणी चित्र कात्रीने कापलंय.

उदाहरण घेऊ. समजा, मुरबाड तालुक्यावरच्या पुस्तकात टोकावड्याचं प्रकरण आहे आणि त्यावर नाणेघाटाजवळचा ‘नानाचा अंगठा’ हवा आहे. टोकावड्याहून माळशेजकडे जाताना लागणाऱ्या वैशाखऱ्याहून तो सुळका दिसतो. छापील चित्र ४ इंच रुंद असेल, तर कागदावर ६ इंचांचं काढा. लहान करताना हाताची थरथर झाकली जाते. मात्र रेघाही तितक्याच बारीक होतात, म्हणून अगदी नाजूक निब टाळलेली बरी.

सुळका गडद ठेवा. पायथ्याकडे येताना छटा फिकट करत नेऊ नका, रेघा तोडा. आधी लांब रेघा, मग तुटक, मग विरळ ठिपके. शाई सगळीकडे तितकीच काळी, फक्त मधला कागद वाढत जातो. त्यामुळे छपाईत काही हरवत नाही. कड गोल अंड्यासारखी मात्र नको. खडक, गवत जिथे संपतात तिथेच ती संपू द्या, नाहीतर चित्र जुन्या फोटो स्टुडिओतलं वाटतं.

जलरंगात किंवा पेन्सिलीत काम असेल तर दुसरा धोका स्कॅनचा. कागद डोळ्यांना पांढरा दिसतो, पण स्कॅनमध्ये त्याचा आकडा २५५ ऐवजी २४८ वगैरे येतो. पुस्तकात चित्रामागे पुसट राखाडी चौकोन उमटतो. तपासायला फोटोशॉपमध्ये Threshold २५५ वर न्या. जे काळं होईल ते शुद्ध पांढरं नाही. चित्राभोवतीचा काळा भाग दिसला, की Levels मध्ये पांढऱ्याची खूण थोडी डावीकडे सरकवा आणि पुन्हा तपासा. फार सरकवलीत तर पायथ्याचं गवतही जाईल.