तक्रारपत्र
सार्वजनिक सेवेतील किंवा खरेदीतील उणीव संबंधितांस कळवून ती दूर करण्याची मागणी करणारे औपचारिक पत्र; महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत ते उपयोजित लेखनात शिकवतात. दिनांक, ‘प्रति’खाली अधिकाऱ्याचे पद व पत्ता, विषय, ‘महोदय’ हे संबोधन (मायना), मजकूर आणि शेवटी ‘आपला विश्वासू’सह नाव-पत्ता असा क्रम असतो. नेहमीची चूक विषयात होते : ‘पाण्याबद्दल तक्रार’ एवढ्याने काहीच उलगडत नाही, पण ‘गल्ली क्र. ३ मध्ये ४ दिवस पाणी न आल्याबाबत’ असे लिहिले, तर पत्र कोणत्या विभागाकडे पाठवायचे हे लिपिकाला मजकूर न वाचताही कळते. घरगुती पत्रातला ‘साष्टांग नमस्कार’ येथे चालत नाही. आणि संतापाच्या भरात नेमकी मागणीच लिहायची राहिली, तर मांडणी निर्दोष असूनही पत्र अपुरेच ठरते.