विभाज्य क्रियापदे (जर्मन) : मुख्य वाक्यातील उपसर्गाचे स्थान

जर्मन भाषेतील ज्या क्रियापदांचा उपसर्ग मुख्य वाक्यात धातूपासून सुटतो आणि वाक्याच्या शेवटी उभा राहतो, त्यांना विभाज्य क्रियापदे म्हणतात. जर्मनच्या वर्गात यांना 'ट्रेनबार' म्हणण्याची रीत आहे. कॉमेन म्हणजे येणे, पण आनकॉमेन म्हणजे पोहोचणे. श्टायगेन म्हणजे चढणे. त्याला आइन लागला की गाडीत चढणे, आउस लागला की गाडीतून उतरणे, उम लागला की गाडी बदलणे. उपसर्गाने धातूचा अर्थ फिरतो ही गोष्ट प्रहार, विहार, संहार, परिहार असे शब्द रोज वापरणाऱ्या मराठी वाचकाला नवी नाही. नवे आहे ते उपसर्गाचे सुटणे.

हा विषय A1 या पहिल्याच पातळीवर येतो. महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य यांच्यात 2024 साली कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. तेव्हापासून परिचारिका, चालक, वीजतंत्री अशा व्यवसायांतली मंडळीही जर्मनकडे वळू लागली आहेत. पूर्वी ही भाषा मुख्यतः पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत आणि मॅक्सम्युलर भवनात शिकली जाई. या नोंदीतील वाक्ये रायगड जिल्ह्यातील पाली (ता. सुधागड) आणि तेथून निघणारा रस्ता यांभोवती रचली आहेत. त्यांतील वेळा सरावापुरत्या आहेत, एसटीचे वेळापत्रक म्हणून त्या वाचू नयेत. जर्मन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.

बहुतेक पुस्तके नियम असा देतात : क्रियापद दुसऱ्या स्थानी ठेवा आणि उपसर्ग उचलून शेवटी टाका. नियम चुकीचा नाही, पण त्यात हालचालीची दिशा उलटी सांगितली आहे. उपसर्ग कुठेही जात नाही. तो जिथे असायचा तिथेच, म्हणजे शेवटी असतो. त्याला सोडून पुढे जाते ते क्रियापद. मानफ्रेड बीअरविश यांनी 1963 साली जर्मन क्रियापदाच्या व्याकरणावरील आपल्या ग्रंथात जर्मनचा मूळ क्रम क्रियापद शेवटी असणारा मानला, आणि डच भाषेबद्दल तसेच विवेचन यान कोस्टर यांनी 1975 मध्ये केले. मराठी माणसाच्या दृष्टीने ही सोयीची बाब आहे, कारण कर्ता, वेळ, जागा आणि शेवटी क्रियापद हा क्रम त्याच्या तोंडात आधीच बसलेला असतो.

एक वाक्य करून पाहू : 'बस सात वाजता पालीला पोहोचते.' प्रथम मराठीच्याच क्रमाने जर्मन शब्द मांडायचे : डेअर बुस – उम झीबेन उअर – इन पाली – आनकॉमेन. बस एक आहे म्हणून क्रियापदाचे रूप होते आनकॉम्ट. आता यातला कॉम्ट एवढाच भाग उचलून दुसऱ्या स्थानी न्यायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही. वाक्य तयार होते : 'डेअर बुस कॉम्ट उम झीबेन उअर इन पाली आन.' वेळेवर भर द्यायचा असेल तर ती पुढे येते : 'उम झीबेन उअर कॉम्ट डेअर बुस इन पाली आन.' कर्ता क्रियापदाच्या मागे गेला, पण कॉम्ट दुसऱ्या आणि आन शेवटच्या जागी कायम राहिले. इथे दुसरे स्थान म्हणजे दुसरा शब्द नव्हे. 'उम झीबेन उअर' हे तीन शब्द मिळून एकच स्थान धरतात.

क्रियापद आणि उपसर्ग यांच्यामध्ये उरलेले वाक्य अडकते, म्हणून जर्मन व्याकरणात या रचनेला झाट्सक्लामर, म्हणजे वाक्यकंस, म्हणतात. होय-नाही प्रश्नात क्रियापद आणखी पुढे, थेट पहिल्या स्थानी जाते. उपसर्ग मात्र हलत नाही : 'कॉम्ट डेअर बुस हॉयटे इन पाली आन?' आज्ञार्थातही तसेच : 'श्टायगेन झी बिटे आइन!' म्हणजे कृपया गाडीत चढा. क्रियापदाला पुढे जाण्याचे कारणच उरले नाही तर दोघे जोडलेलेच राहतात. म्युसेन (लागणे, भाग असणे) यासारखे साहाय्यक क्रियापद आले की दुसरी जागा ते घेते : 'विअर म्युसेन इन खोपोली उमश्टायगेन', म्हणजे आपल्याला खोपोलीला गाडी बदलावी लागते. 'दस' (की) किंवा 'वेन' (जेव्हा, जर) यांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यातही क्रियापद शेवटीच थांबते. त्यामुळे एकाच वाक्यात दोन्ही अवस्था दिसू शकतात : 'इश रूफे डिश आन, वेन डेअर बुस आनकॉम्ट', म्हणजे बस पोहोचली की तुला फोन करते. पहिल्या अर्ध्यात आनरूफेन फुटले, दुसऱ्यात आनकॉमेन अखंड राहिले.

संस्कृत शिकलेल्यांना याची ओळख वैदिक भाषेतून पटू शकते. पाणिनीने अष्टाध्यायीत (1.4.80 ते 82) उपसर्ग धातूच्या आधी येतात असे सांगून लगेच पुस्ती जोडली आहे की वेदात ते धातूनंतरही येतात आणि मध्ये इतर शब्द शिरले तरी चालते. वैदिक मुख्य वाक्यात उपसर्ग सहसा सुटा आणि स्वरयुक्त असतो, तर गौण वाक्यात तो बहुधा क्रियापदाला चिकटतो. जर्मनशी हे साम्य चकित करणारे आहे. मात्र वैदिक उपसर्ग वाक्यात बराच मोकळा फिरतो, बऱ्याचदा सुरुवातीलाच येतो; जर्मन उपसर्गाला ती मोकळीक नाही. लिखाणात क्वचित 'आउफ गेट डी झोने' (उगवतो सूर्य) अशी उलटापालट भेटते, पण ती शैलीची बाब आहे, परीक्षेत करून पाहण्याची नव्हे.

वह्यांमधल्या चुका साधारण दोन प्रकारच्या असतात. 'मी सहा वाजता उठते' हे 'इश आउफश्टेए उम झेक्स उअर' असे लिहिले जाते. इथे उपसर्ग सुटलाच नाही, अख्खे क्रियापद दुसऱ्या स्थानी गेले. किंवा 'इश श्टेए आउफ उम झेक्स उअर' असे लिहिले जाते. इथे उपसर्ग सुटला खरा, पण लगेच थांबला. योग्य वाक्य 'इश श्टेए उम झेक्स उअर आउफ' हे आहे. दुसऱ्या चुकीमागे इंग्रजी उभी असते. तिथे 'गेट अप' नंतर वेळ येते, आणि आपल्याकडे जर्मन बहुधा इंग्रजीतूनच शिकवले जाते. मराठीतून विचार करणाऱ्याच्या हातून ही चूक व्हायला कारण नाही.

सरावपुस्तिकांचाही यात वाटा आहे. नेहमीचा प्रश्न असा असतो : 'डेअर बुस ____ उम झीबेन उअर इन पाली ____. (आनकॉमेन)'. दोन रिकाम्या जागा छापल्या की जागेचा प्रश्न पुस्तकानेच सोडवलेला असतो. विद्यार्थ्याला फक्त कॉमेनचे कॉम्ट करायचे उरते. अशी पाच-पन्नास वाक्ये बिनचूक भरणारा विद्यार्थी स्वतःचे पहिले वाक्य बोलताना अडतो, यात नवल नाही. याहून चांगली परीक्षा म्हणजे पदसमूह सुटे देऊन वाक्य जुळवायला लावणे, किंवा तयार वाक्यात एकेक भर घालायला लावणे. 'इश रूफे डिश आन' हे चारच शब्दांचे वाक्य घ्यावे. त्यात 'मॉर्गेन' (उद्या) घालावे, मग 'आउस पाली' (पालीहून) घालावे : 'इश रूफे डिश मॉर्गेन आउस पाली आन.' प्रत्येक नवी भर कंसाच्या आत गेली पाहिजे. ती आनच्या पलीकडे पडू लागली, तर नियम पाठ आहे पण अंगवळणी पडलेला नाही असे समजावे. दोन मुख्य वाक्ये 'उंड' (आणि) ने जोडली की आणखी एक कसोटी लागते : 'इश श्टेए उम फ्युन्फ आउफ उंड रूफे माइने मुटर आन.' इथे प्रत्येक उपसर्ग आपापल्या वाक्याच्या शेवटी हवा. दोन्ही उपसर्ग अगदी अखेरीला गोळा करून चालत नाही.

ऐकताना आणि वाचताना अडचण वेगळी येते. 'इश माखे डी ट्यूर…' इथवर ऐकून दाराचे काय केले ते कळत नाही. शेवटी आउफ आले तर उघडले, त्सू आले तर लावले. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने 1880 साली जर्मन भाषेवर लिहिलेल्या विनोदी लेखात याच लांबणीची यथेच्छ टिंगल केली होती. शब्दकोशात शोधतानाही आधी वाक्याचे टोक पाहावे लागते : कॉम्ट … आन याचा अर्थ कॉमेनखाली नव्हे, आनकॉमेनखाली मिळतो. आन, आउफ, मिट हे शब्द शब्दयोगी म्हणूनही येतात. मात्र तेव्हा त्यांच्यामागून नाम येते. शेवटी एकटा उभा असलेला आन हा उपसर्ग असतो.

'शेवट' हा शब्दही थोडा जपून घ्यावा लागतो. उपसर्ग त्याच्या स्वतःच्या वाक्याच्या शेवटी येतो. त्यानंतर स्वल्पविराम देऊन गौण वाक्य सुरू होऊ शकते, जसे वर 'वेन' ने झाले. तुलनेचा तुकडाही कंसाबाहेर राहतो : 'डेअर बुस कॉम्ट हॉयटे श्पेटर आन आल्स गेस्टर्न', म्हणजे आज बस कालच्यापेक्षा उशिरा पोहोचते.

सगळेच उपसर्ग सुटत नाहीत. बे, गे, एअर, फेअर, त्सेअर, एंट, एम्प हे धातूला कायमचे चिकटलेले असतात : 'इश फेअरश्टेए डिश', म्हणजे मला तू म्हणतोस ते कळते. यादी पाठ करण्यापेक्षा कानावर विसंबलेले बरे. सुटणाऱ्या उपसर्गावर आघात पडतो, न सुटणाऱ्यावर पडत नाही. म्हणून नवे क्रियापद वहीत उतरवताना आघाताची खूण करून ठेवावी. युबर, उंटर, डुर्ख, उम हे मात्र दोन्ही बाजूंचे आहेत, आणि तिथे आघात बदलला की अर्थ बदलतो. वाकण-पाली-खोपोली रस्त्यावर म्हैस आडवी आली तर 'डेअर फारर उमफेर्ट डेन ब्यूफेल' म्हणजे चालकाने तिला वळसा घातला. इथे आघात फेर्टवर आहे आणि उम सुटलेला नाही. 'डेअर फारर फेर्ट डेन ब्यूफेल उम' म्हणजे त्याने तिला धडक देऊन आडवे केले. लिखाणात उमफारेन हे मूळ रूप दोन्हींचे सारखेच दिसते, फरक दिसतो तो मुख्य वाक्यात उम कुठे आहे यावरून. चालकाच्या नोकरीसाठी जर्मन शिकणाऱ्याने या एका क्रियापदाला अपघाताचा जबाब लिहिताना तरी दोनदा पाहावे.