कपाळावरचा भोवरा आणि बाजूचा भांग

कपाळाच्या कडेला भोवरा असला, की बाजूने काढलेला भांग टिकत नाही. केसाचे मूळ त्वचेत तिरके रुजलेले असते आणि हा कल जन्मापूर्वीच ठरतो. भोवऱ्यात तो शेजारच्या केसांहून वेगळा असतो. भांग त्याच्या विरुद्ध पडला, की केस मुळापासून उसळतात.

म्हणून आधी भोवऱ्याची दिशा ओळखावी. ओले केस मागे विंचरून तळव्याने हलकेच पुढे ढकलावेत. ते जिथे आपोआप दुभंगतात, तिथे भांग काढावा. समजा, भोवरा डाव्या भुवईच्या वर आहे आणि त्यातले केस उजवीकडे वळतात. अशा वेळी भोवऱ्यातूनच डावा भांग काढून केस उजवीकडे न्यावेत. उजवा भांग काढल्यास तेच केस उलटे वळवावे लागतात.

तरीही उजवाच भांग हवा असेल, तर मुळे भिजवावीत. ओला केस लवचीक होतो आणि वाळताना मिळालेला आकार धरतो. बोटांनी मुळे सपाट दाबून ड्रायरची गरम हवा आधी एका, मग दुसऱ्या दिशेने द्यावी. शेवटी थंड हवा सोडावी. तेथील केस फार आखूड कापू नयेत. लांबीच्या वजनाने ते खाली बसतात. पावसाळी दमट हवेत मात्र ही घडी मोडते, कारण मुळांचा कल तोच राहतो.