बीजकावरील दोन अंक आणि बहात्तर हजार रुपये

लेखा-कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्रशिक्षणार्थींसमोर एका ज्येष्ठ लेखापालांनी केलेले हे छोटेखानी भाषण. बीजकावरील किरकोळ चूक पुढे महाग का पडते, हे त्यांनी एकाच उदाहरणातून उलगडले. उदाहरणातील आकडे समजण्यासाठी सोपे करून घेतले आहेत.

काल तुम्हाला एका अशिलाची मार्च महिन्याची बीजके तपासायला दिली होती. तुम्ही चुकांची यादी मोठ्या कसोशीने केली आहे. ‘नाईक’च्या जागी ‘नायक’, पत्ता बरोबर पण पिन कोडचा एक अंक चुकलेला, वाहन क्रमांकात एका अंकाची गफलत. सगळ्या चुका खऱ्या आहेत. मात्र त्यांपैकी एकही महाग नाही आणि जी महाग होती ती तुमच्या यादीत आलेली नाही. तो तुमचा दोष नव्हे. ती चूक दिसण्यासारखी नव्हतीच.

डोळ्यांना खुपणाऱ्या चुकांची किंमत सरकारने ठरवून दिली आहे. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे ई-वे बिल सोबत असेल आणि चूक अशा किरकोळ स्वरूपाची असेल, तर माल अडवून मोठी कारवाई करावयाची नाही. केंद्रीय आणि राज्य कायद्यांखाली प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे एका खेपेमागे १,००० रुपये दंड भरला की प्रकरण मिटते. नावातील ऱ्हस्व-दीर्घाने कोणाचा धंदा बुडत नाही.

आता न दिसणाऱ्या चुकीकडे वळू. फोंड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे पाइप तयार करणारा एक कारखाना आहे. त्याचा ग्राहक बांधकाम साहित्याचा व्यापारी. मुख्य पेढी बेळगावात, शाखा म्हापशात. पेढी एकच असली तरी राज्ये दोन, म्हणून जीएसटीच्या नोंदण्याही दोन. नोंदणी क्रमांकाची पंधरा अक्षरे तुम्हाला पाठ असतील. पहिले दोन अंक राज्याचे: गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे पॅनची. मग त्या राज्यातील ही कितवी नोंदणी ते दाखवणारे चिन्ह, त्यानंतर सहसा ‘झेड’, आणि शेवटी तपासणीचे अक्षर. हे शेवटचे अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने निघते. त्यामुळे टंकताना एखादा अंक चुकला तर संगणक क्रमांक स्वीकारतच नाही.

या व्यवस्थेवर आपण नको तितका विश्वास ठेवतो. क्रमांक खरा आहे की खोटा, एवढेच ती सांगते. तो या व्यवहाराचा आहे की नाही, हे तिला कळत नाही. १८ मार्च २०२४ रोजी बेळगावच्या पेढीने पाइप मागवले. किंमत ४,००,००० रुपये, कराचा दर १८ टक्के. बीजक करणाऱ्याने ग्राहकाचे नाव टंकताच यादीत एकाच नावाच्या दोन ओळी उघडल्या आणि त्याने वरची ओळ निवडली. ती म्हापशाची होती.

विक्रेता ३०, खरेदीदारही ३०, असे पाहून संगणकाने व्यवहार राज्यांतर्गत मानला आणि केंद्रीय कर ३६,००० व राज्य कर ३६,००० असा आकार लावला. माल तर चोर्ल्याचा घाट चढून बेळगावला चालला होता. म्हणजे लागायला हवा होता एकात्मिक कर, ७२,००० रुपये. बेरीज दोन्हीकडे तीच, ४,७२,०००. बीजकाची रक्कम जुळली, ग्राहकाने पाठवलेले पैसे जुळले, खातेवही जुळली. बेरजेवरून चूक शोधण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ती सापडणार कशी?

ई-वे बिलाच्या वेळी तरी अडायला हवे होते, असे तुमच्या मनात आले असेल. तिथेही अडले नाही, आणि ते नियमाला धरूनच झाले. बिल एकाच्या नावे आणि माल दुसऱ्या ठिकाणी, ही पद्धत कायद्याला मान्य आहे. म्हापशाच्या शाखेने खरोखरच मागणी नोंदवून माल परस्पर बेळगावला उतरवायला सांगितले असते, तर पुरवठ्याचे ठिकाण गोवाच ठरले असते आणि हेच बीजक अगदी बरोबर ठरले असते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. नुसते बीजक पाहून ते चूक की बरोबर हे सांगता येत नव्हते. सांगू शकत होता तो फक्त मागणीपत्राचा कागद, आणि तो दुसऱ्या फायलीत होता.

कारखान्याने ११ एप्रिलच्या मुदतीत जीएसटीआर-१ भरले. १४ एप्रिलला खरेदीदाराचे २-बी विवरण तयार झाले, तेव्हा ७२,००० रुपयांचे इनपुट क्रेडिट म्हापशाच्या नोंदणीखाली उमटले. म्हापशाकडे माल आलेला नाही, म्हणून कलम १६ प्रमाणे ते वापरण्याचा त्याला अधिकार नाही. बेळगावकडे माल आहे, पण त्याच्या विवरणात क्रेडिट नाही आणि विवरणात नसलेले क्रेडिट घेता येत नाही. बेळगावच्या लेखनिकाने नोंदीसमोर पेन्सिलीने लिहिले, ‘पुढील महिन्यात येईल’. पुढचे सात-आठ महिने ती ओळ तशीच राहिली.

या चुकीची किंमत काळाबरोबर कशी वाढत गेली ते पाहा. ई-बीजक लागू असलेल्या व्यापाऱ्याला चूक त्याच दिवशी कळली, तर तो पोर्टलवर २४ तासांच्या आत ते रद्द करू शकतो. खर्च शून्य. एप्रिलच्या मध्यावर कळली असती, तर कारखान्याने पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती केली असती, बेळगावला क्रेडिट महिनाभर उशिरा मिळाले असते आणि दोन फोनांवर काम भागले असते. दुरुस्ती करा किंवा क्रेडिट नोट काढून नवे बीजक द्या, या दोन्ही वाटांना शेवटची मर्यादा एकच: आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणारा ३० नोव्हेंबर. त्याआधीच वार्षिक विवरण भरले गेले, तर मर्यादाही त्याच दिवशी संपते. खरेदीदाराच्या क्रेडिटलाही हीच मुदत आहे. मार्च २०२४ च्या बीजकासाठी ती ३० नोव्हेंबर २०२४ ही होती.

चूक उघडकीस आली जानेवारी २०२५ मध्ये, बेळगावच्या लेखापरीक्षकाने पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवले तेव्हा.

कारखान्याची बाजू त्या मानाने सुसह्य होती. त्याला एकात्मिक कर ७२,००० रुपये नव्याने भरावा लागला. गोव्याच्या तिजोरीत गेलेली रक्कम आपोआप कर्नाटकाकडे वळत नाही. कायदा येथे थोडी दया दाखवतो. प्रामाणिकपणे चुकीच्या सदरात कर भरला असेल, तर योग्य सदरात भरताना व्याज लागत नाही, आणि आधी भरलेल्या ३६,००० अधिक ३६,००० रुपयांचा परतावा मागता येतो. २५ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. चूक स्वतः करदात्याच्या लक्षात आली असली तरी ही सवलत मिळते. मात्र क्रेडिट नोटेद्वारे कर आधीच समायोजित करून घेतला असेल, तर परतावा मिळत नाही. दोन वाटांपैकी एकच वाट धरायची. परताव्याचा अर्ज योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. तोवर ७२,००० रुपये अडकून राहतात, पण बुडत नाहीत.

बुडाले ते बेळगावचे. मुदत उलटल्यामुळे त्यांचे क्रेडिट कायमचे गेले. चूक त्यांची नव्हती, म्हणून त्यांनी पुढच्या बिलातून ७२,००० रुपये कापून घेतले. कारखान्याला ते निमूट सोसावे लागले, कारण ग्राहक जुना आणि नियमित होता. आता हिशेब करा. या कारखान्याला शंभर रुपयांच्या विक्रीत सात रुपये उरतात. म्हणजे चार लाखांच्या त्या व्यवहारातला नफा होता २८,०००. बुडालेले ७२,००० भरून काढायला सव्वादहा लाखांहून अधिक किमतीचे पाइप नव्याने विकावे लागणार.

आणखी एक धोका त्या दिवसांत अगदी दाराशी येऊन गेला. बेळगावच्या लेखनिकाने पेन्सिलीने लिहिण्याऐवजी हातातल्या बीजकाच्या भरवशावर क्रेडिट घेऊन वापरले असते, तर ते जानेवारीत उलटवावे लागले असते आणि त्यावर १८ टक्क्यांनी व्याज बसले असते. २० एप्रिल ते २० जानेवारी या नऊ महिन्यांचे ते सुमारे ९,७०० रुपये झाले असते. त्याच्या आळसाने निदान एवढे तरी वाचवले!

काल तुमच्यापैकी एकाने विचारले, ‘सर, जानेवारीच्या तारखेचे नवे बीजक का काढले नाही? नव्या वर्षाची मुदत मिळाली असती.’ युक्ती सुचणे स्वाभाविक आहे. पण मालाचे बीजक माल हलवताना किंवा त्याआधी काढायचे असते. पाइप मार्चमध्येच गेले आणि एव्हाना कोणाच्या तरी भिंतीत गाडलेही गेले असतील. जानेवारीच्या कागदामागे ना ट्रक असता, ना ई-वे बिल. मालाविना काढलेले बीजक हा वेगळाच अपराध आहे आणि त्याचा दंड या ७२,००० वर थांबत नाही.

मग अशी चूक ओळखायची कशी? विक्रीच्या नोंदवहीत दोन रकाने शेजारीशेजारी घ्या. एकात ग्राहकाच्या नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक, दुसऱ्यात माल उतरवण्याच्या ठिकाणचा पिन कोड. गोव्याचे पिन कोड ४०३ ने सुरू होतात, बेळगावचे ५९ ने. जिथे नोंदणी ३० ची आणि पिन ४०३ चा नाही, किंवा याच्या उलट, त्या ओळी बाजूला काढा. त्या सगळ्या चुकीच्या असतीलच असे नाही, हे आपण पाहिलेच. म्हणून प्रत्येक ओळीचे मागणीपत्र काढून मागणी कोणत्या नोंदणीने केली ते वाचा. माल आणि मागणी दोन्ही गोव्यातलीच, पण बीजक मात्र २९ चे, अशी उलटी चूकही याच चाळणीत सापडते. मागणी तोंडी किंवा फोनवर आलेली असेल, तर मात्र चाळणीचा उपयोग नाही. तिथे ग्राहकालाच विचारावे लागते, आणि ते जीएसटीआर-१ भरण्याआधी विचारावे. म्हणजे महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत.

त्या कारखान्याच्या ग्राहक-यादीत एकाच नावाच्या दोन नोंदण्या असलेली अकरा नावे निघाली. आज दुपारी तुम्ही प्रत्येक नावापुढे गावाचे नाव आणि राज्याचे अंक जोडा, ‘बेळगाव २९’, ‘म्हापसा ३०’ असे, म्हणजे यादी उघडताच फरक दिसेल. ते झाले की एप्रिलपासूनची बीजके चाळणीतून काढा. ३० नोव्हेंबरला अजून अवकाश आहे.